'थ्रिलर'च्या ढिगातून आईला हवी तीच मालिका कशी शोधायची? टॅग वाचणाऱ्यांनी सांगा

मीनल_सातारा

गेल्या महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सध्या ती माझ्याकडे आहे. सकाळी फिजिओथेरपी, मग दुपारभर पाय उशीवर ठेवून बसायचं. वय 74. तरुणपणी नगरवाचनालयातून रहस्यकथा आणून एका बैठकीत संपवायची, त्यामुळे तिला तपासाच्याच मालिका हव्यात. घरगुती भांडणांच्या मालिका लावल्या की डोळे मिटून घेते.

घरी नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ दोन्ही आहेत. 'थ्रिलर'च्या ओळीतून मी एक मालिका लावली तर पहिल्या दहा मिनिटांत शवविच्छेदनाचं टेबल. बंद केली. दुसरीत लहान मूल पळवलेलं, तिसऱ्या भागानंतर आईला रात्री झोप लागली नाही. तिसरी गुप्तहेरांची निघाली. "कोण कोणाच्या बाजूचं तेच कळेना," म्हणाली.

याउलट इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या खुनांची मालिका तिने चार दिवसांत संपवली. भावाकडे डीव्हीडीवर एक जुनी अमेरिकन मालिका होती, चुरगळलेल्या रेनकोटातल्या पोलीस अधिकाऱ्याची, तीही आवडली. खून दोन्हीकडे आहेतच, मग फरक कशात? 'थ्रिलर', 'क्राइम' हे शब्द मला काहीच सांगत नाहीत. मालिकेच्या पानावर खाली बारीक अक्षरात बरेच शब्द असतात. ते वाचून कोणी नेमकं शोधतं का? मालिकांची नावं सुचवलीत तरी चालेल, पण मला पद्धत हवी आहे. आईचा पाय अजून दोन महिने तरी उशीवर आहे.

हडपसरकर

काकूंना लवकर बरं वाटो. आमच्याकडे उलटा प्रश्न आहे. बाबांना फक्त कुस्ती. तिथे टॅगची गरजच नाही :)

अप्पा_६८

त्या टक्क्यांकडे लक्ष द्यायचं. 98 टक्के जुळतं असं हिरव्या अक्षरात दाखवायचे ते. मी नव्वदच्या खालचं बघतच नसे. मालिका चांगली असेल तर टक्के चांगले असणारच.

खिडकीशेजारी

अप्पा, ते टक्के मालिका चांगली की वाईट हे सांगत नसत. त्या प्रोफाइलवर आधी जे पाहिलं गेलं त्यावरून ते 'तुम्हाला' किती आवडेल याचा अंदाज असे. मीनलताईंच्या प्रोफाइलवर त्या स्वतः काय बघतात यावर तो ठरणार, आईच्या आवडीशी त्याचा संबंध नाही. म्हणून मीनलताई, आधी आईचं वेगळं प्रोफाइल करा. नाहीतर दर वेळी तुमच्याच आवडीच्या ओळी समोर येतील.

आता मूळ प्रश्न. नेटफ्लिक्स फोनवर किंवा टीव्हीवर न बघता एकदा संगणकावर ब्राउझरमध्ये उघडा. मालिकेच्या चित्रावर जाऊन माहितीचा चौकोन उघडा आणि अगदी तळापर्यंत खाली या. तिथे कलाकारांच्या नावांखाली दोन ओळी असतात. एक `Genres`, दुसरी `This show is`. पहिली ओळ सांगते की ही वस्तू कोणत्या खणातली आहे. दुसरी सांगते की ती बघताना कसं वाटतं. बहुतेक लोक फक्त पहिली वाचतात आणि फसतात.

एक करून बघा. आईने नाकारलेल्या तीन आणि नेटफ्लिक्सवर आवडलेली एक, अशा चारही मालिकांच्या या दोन्ही ओळी कागदावर उतरवा. दहा मिनिटांचं काम आहे. उतरवल्यावर इथे टाका, मग पुढचं बोलू.

टेलिग्राफ

एवढं कशाला? गुप्त कोड आहेत ना! पत्त्याच्या पट्टीत आकडा टाकला की नेटफ्लिक्सने लपवून ठेवलेले चित्रपट उघडतात, जे साध्या खात्यावर दिसतच नाहीत.

```
https://www.netflix.com/browse/genre/4366
```

हा टीव्हीवरच्या रहस्यमालिकांचा. असे हजारो आहेत. नेटवर याद्या पडल्यात.

मुक्ता_पै

टेलिग्राफ, कोड खरे आहेत, पण 'लपवलेले' हे बरोबर नाही. तुमच्या देशात ज्या मालिका दाखवायचा हक्क आहे त्यातल्याच त्या पानावर येतात. नावाने शोधल्या तरी त्या सापडल्या असत्याच. कोडमुळे एवढंच होतं की पहिल्या पानावर ज्या खणाची ओळ तुम्हाला कधी दिसली नसती, तो खण थेट उघडतो. भारतात त्या खणातलं काहीच नसेल तर पान रिकामं येतं. मला असली रिकामी पानं बरीच लागली आहेत, कारण त्या याद्या बहुतेक अमेरिकेतल्या लोकांनी केलेल्या असतात.

टेलिग्राफ

बरं, लपवलेले नाहीत, पण उपयोगी तर आहेत? त्या पानावर वर्षाप्रमाणे किंवा अ ते ज्ञ लावताही येतं. पहिल्या पानावर ते कुठे करता येतं?

मुक्ता_पै

हो, ते अगदी खरं. मला तर कोडचा सगळ्यात मोठा उपयोग तोच वाटतो. `A-Z` लावलं की अ‍ॅपने तुमच्यासाठी ठरवलेला क्रम निघून जातो आणि खणात काय काय आहे ते सगळं एकदा तरी नजरेखालून जातं. आकडा पाठ करायचीही गरज नाही. `Genres`मधल्या शब्दावर क्लिक केलं की तेच पान उघडतं आणि आकडा वर पत्त्यात दिसतो.

रानमेवा

हे टॅग लावतं कोण? संगणक?

खिडकीशेजारी

माणसं. 2014 च्या जानेवारीत 'द अटलांटिक'मध्ये अलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकाराचा यावर मोठा लेख आला होता. पत्त्यातला तो आकडा एकेकाने वाढवत न्यायचा एक छोटा प्रोग्रॅम त्याने लावून ठेवला आणि प्रत्येक पानाचं नाव उतरवून घेतलं. 76,897 खण निघाले. मग तो नेटफ्लिक्सच्या टॉड येलिन यांना भेटला. कळलं ते असं की पगारी माणसं चित्रपट बघतात आणि छत्तीस पानी सूचनापत्र हाताशी ठेवून एकेक गोष्ट नोंदवतात. प्रेमकथा किती, शेवट कितपत सुखाचा, पात्रं नीतीने कशी, हेसुद्धा. संगणक नंतर त्या नोंदी जुळवून खण तयार करतो.

आपल्या कामाचा भाग पुढेच आहे. त्या खणांच्या नावांना व्याकरण आहे. आधी विशेषणं आणि प्रदेश, मग मुख्य प्रकार, मग कशावर आधारित, कुठे घडतं, कोणत्या दशकातलं. मुख्य प्रकार म्हणजे मधलं नाम, आणि आपण तेवढंच वाचतो. मीनलताईंचं उत्तर मात्र विशेषणांत असणार, असा माझा अंदाज आहे.

सदू_बोरिवली

त्याच लेखात रेमंड बरची गंमत होती ना? जुन्या वकिली मालिकेतला पेरी मेसन. खणांच्या नावांत सगळ्यात जास्त वेळा कोणत्या नटाचं नाव येतं हे मोजलं तर मोठे तारे बाजूला आणि हा पहिला! येलिनलाही का ते सांगता आलं नव्हतं. हजारो नोंदी एकमेकांत गुंतल्या की असं भूत निघतं. मला तो परिच्छेद फार आवडला होता.

कॅलगरीकर

मध्येच विचारतो. मुलींसाठी मराठी शोधताना 'मराठी' टाकलं की डब केलेले दक्षिणेतले सिनेमे येतात (अ‍ॅपचं नाव घेत नाही). मुली म्हणतात, बाबा, यांचे ओठ वेगळं बोलतायत. मूळ मराठीच कसं गाळून काढायचं?

मुक्ता_पै

नेटफ्लिक्सवर संगणकावर वरच्या पट्टीत `Browse by Languages` आहे. तिथे पहिल्या खिडकीत `Original Language` निवडा आणि दुसरीत मराठी. पहिल्या खिडकीत `Dubbing` निवडलंत तर डब केलेलं येतं, म्हणजे तुमचा घोळ तिथेच सुटतो. कॅनडात यादी भारतापेक्षा वेगळी असणार हे धरून चाला.

मीनल_सातारा

खिडकीशेजारी, केलं! आईच कागद घेऊन बसली आणि मी वाचून दाखवलं. तिने दोन रकाने आखले, 'हो' आणि 'नको'. जे सापडलं ते बघून मी थक्क झाले.

`Genres`च्या ओळीत चारही जवळपास सारख्या. सगळीकडे `Crime TV Shows`, सगळीकडे `TV Dramas`. फरक एवढाच की आवडलेल्या मालिकेला `TV Mysteries` होतं आणि दोन नावडत्यांना `TV Thrillers`.

दुसऱ्या ओळीत मात्र 'नको'च्या रकान्यात `Dark`, `Gritty`, `Ominous` परत परत. 'हो'च्या रकान्यात `Witty`. `Suspenseful` दोन्हीकडे होतं, म्हणून आईने त्यावर काट मारली. म्हणाली, "हे मिठासारखं आहे, सगळ्यातच असतं."

खिडकीशेजारी

काकूंना माझा नमस्कार सांगा, मिठाचं उदाहरण मी वापरणार आहे. दोन्ही रकान्यांत येतो तो शब्द सोडायचा, एकाच रकान्यात येतो तो धरायचा. चार मालिका म्हणजे नमुना लहान आहे, पण दिशा कळली.

`TV Mysteries` आणि `TV Thrillers` यातला फरकही लक्षात घ्या. मिस्टरीत घडलेली गोष्ट उलगडायची असते, प्रश्न मागच्या काळाचा असतो. थ्रिलरमध्ये पुढे काय होईल याची धास्ती असते. काकूंना कोडं हवंय, धास्ती नकोय. तेव्हा `TV Mysteries`चं पान उघडा, `A-Z` लावा, आणि प्रत्येक मालिकेची दुसरी ओळ बघून `Gritty` आणि `Ominous` वाल्या सोडून द्या. उरतील त्या आईच्या प्रोफाइलवर `My List`मध्ये टाका म्हणजे टीव्हीवर आपोआप दिसतील.

प्राइमवर दोन ओळी वेगळ्या नसतात. प्रकार आणि भाव एकाच ओळीत शेजारी शेजारी येतात, तिथे तुम्हालाच वेगळे करावे लागतील.

अबोली_गोवा

मी यापुढे एक पायरी जाते. आयएमडीबीवर प्रत्येक मालिकेचे कीवर्ड असतात आणि ते प्रेक्षकांनी टाकलेले असतात, म्हणून फार बारीक असतात. दोन कीवर्ड स्वल्पविरामाने जोडले की दोन्ही असलेल्याच मालिका येतात.

```
https://www.imdb.com/search/title/?title_type=tv_series&keywords=whodunit,village
```

शब्दांमध्ये जागा असेल तर तिथे आडवी रेघ द्यायची, जसं `amateur-detective`. आणि `whodunit` एका एन्‌चा आणि दोन एन्‌चा, दोन्ही टाकून बघायचे, कारण टाकणारे दोन्ही लिहितात. नावं सापडली की जस्टवॉचवर भारत निवडून कुठे उपलब्ध आहे ते बघायचं. तिथे नाहीच असं निघालं तर वाईट वाटतं, पण निदान शोधत बसणं वाचतं.

रानमेवा

थांबा, कीवर्डवरून धोक्याची सूचना! मी एकदा एका साइटवर मालिकेचे कीवर्ड वाचायला गेले आणि तिसऱ्याच ओळीत खुनी कोण ते कळलं. 'जुळा भाऊ' अशा अर्थाचा शब्द होता. सहा भाग उरले होते. नवरा आणि मी दोघंही गप्प बसलो.

अबोली_गोवा

अरेरे! हो, हे सांगायला हवं होतं. बघायच्या मालिकेचे कीवर्ड उघडायचेच नाहीत. जी आधीच पाहून झालीय तिचे उघडायचे, त्यातले आवडीचे दोन-तीन शब्द उचलायचे आणि त्यांवरून नवीन शोधायचं. शोधाच्या पानावर फक्त नावं आणि थोडक्यात कथा येते. मीनल, कीवर्ड तूच वाच, आईला दाखवू नकोस.

आणि कीवर्ड आहे म्हणून तो महत्त्वाचा असंही नाही. खेडं एका भागात दोन मिनिटं दिसलं तरी कोणीतरी `village` टाकून मोकळं होतं. कीवर्डच्या पानावर शब्दाखाली किती जणांना तो योग्य वाटला ते मतांत दिसतं. शून्य मतांच्या शब्दावर मी विसंबत नाही.

डॉ_विसूभाऊ

लहान मुलांच्या छळाचा विषय टाळायचा असेल तर वयाचं लेबल वाचा. 2021 च्या नियमांपासून भारतात या अ‍ॅपना U, U/A 7+, U/A 13+, U/A 16+ आणि A अशी वर्गवारी द्यावी लागते, आणि सोबत कारणही: हिंसा, भाषा, लैंगिक दृश्यं वगैरे. मालिका सुरू होताना डाव्या कोपऱ्यात येतं ते. आपण तेवढ्यात चहाचा कप शोधत असतो. काकूंसाठी U/A 13+ वर थांबलात तर शवविच्छेदनाचं टेबल बहुतेक येणार नाही.

मुक्ता_पै

डॉक्टर, 'बहुतेक'वर माझा आक्षेप आहे. माझ्या सासूबाईंना रक्त चालतं, पण मूल संकटात असलेलं चालत नाही. लेबलवर नुसतं 'हिंसा' लिहिलेलं असतं, कोणावर ते नसतं. आणि उलटही होतं. शिव्यांमुळे 16+ मिळालेली अगदी निरुपद्रवी मालिका या गाळणीत हातची जाते.

डॉ_विसूभाऊ

मान्य. तरी पहिली गाळणी म्हणून मी ती वापरीनच. रुग्णाची झोप मोडण्यापेक्षा एक चांगली मालिका हुकली तर चालेल.

हडपसरकर

ज्यात दर भागात नवी केस असते आणि ज्यात एकच केस दहा भाग चालते, त्यांना वेगळे टॅग आहेत का? बाबांनी कुस्ती सोडून काही पाहिलंच तर एका भागात संपणारंच बघतील.

खिडकीशेजारी

`Genres`च्या ओळीवरून ते कळत नाही. मी भागांची यादी उघडून दुसऱ्या आणि पाचव्या भागाचं वर्णन वाचतो. दोन्हीत नवीन मयत आणि नवीन ठिकाण असेल तर दर भागात नवी केस. दोन्हीत तीच नावं असतील तर लांबलेली. पहिल्या भागाचं वर्णन मात्र काहीच सांगत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं.

मीनल_सातारा

सगळ्यांचे आभार! चार दिवसांचा वृत्तांत देते. `TV Mysteries`मधून `Gritty` आणि `Ominous` गाळून सात मालिका उरल्या. भागांची वर्णनं वाचून त्यातल्या तीन बाजूला काढल्या. उरलेल्या चारपैकी दोन आईला पसंत पडल्या. एक म्हणाली "बरी आहे". चौथी मात्र तिने दुसऱ्याच भागात बंद करायला लावली, आणि तिथेच मी अडकले आहे. सगळे टॅग बरोबर होते. `Witty` होतं, खेडं होतं, रक्त नव्हतं. का नको विचारलं तर म्हणाली, "शेवटच्या पाच मिनिटांत नवीनच माणूस आणून त्याला खुनी ठरवतात. आपण कसं ओळखायचं? त्या रेनकोटवाल्यात निदान खुनी पहिल्यापासून समोर असतो. तो पकडतो कसा, तेवढंच बघायचं असतं."

सदू_बोरिवली

अहो, मग काकूंना 'खुनी कोण' नकोच आहे! रेनकोटवाला म्हणजे कोलंबो ना? त्यात खून सुरुवातीलाच आपल्यासमोर होतो. या प्रकाराला इंग्रजीत वेगळं नाव आहे, `howcatchem`. `whodunit`च्या बरोबर उलट. आपण सगळे चार दिवस चुकीचा कीवर्ड धरून बसलो होतो.

अबोली_गोवा

सदू, अर्धंच चुकलं आपलं. खेड्यातल्या खुनांची मालिका `whodunit`च आहे आणि ती त्यांनी चार दिवसांत संपवली. मला वाटतं त्यांना न्याय्य डाव हवा आहे. पत्ते आपल्यासमोर मांडलेले असावेत, मग खुनी आधी कळो की नंतर.

खिडकीशेजारी

अबोलीशी सहमत. आणि इथे अ‍ॅपवरचे टॅग थांबतात. आपल्याला दाखवल्या जाणाऱ्या शब्दांत विषय असतो, ठिकाण असतं, भाव असतो. गोष्ट कशी रचली आहे, धागेदोरे प्रेक्षकाला आधी दिलेत की लपवलेत, याचा टॅग मी आजवर पाहिलेला नाही. `howcatchem` हा शब्द मालिकेच्या नावासोबत साध्या गूगलमध्ये टाकून बघा, रहस्यकथांचे शौकीन त्यावर भरपूर लिहितात. 'न्याय्य डाव'साठी त्यांचा शब्द `fair play mystery` असा आहे. तोही टाका. अ‍ॅपच्या शोधपट्टीत हे शब्द टाकून फारसं हाती लागत नाही.

टेलिग्राफ

म्हणजे कोडही नाही याला?

मुक्ता_पै

रचनेला नाही :) विषयाला आहे.

मीनल_सातारा

`fair play mystery` टाकल्यावर पहिल्याच पानावर ओळखीची नावं दिसली. त्यातल्या दोन मालिका आपल्या सातच्या यादीत होत्या, आणि आईने 'बरी आहे' म्हटलेली त्यातच आहे. आता कागदावर तिने तिसरा रकाना आखलाय. त्याला नाव दिलंय 'पत्ते दाखवतात'. आज दुपारी मी ऑफिसच्या कॉलवर असताना तिने माझ्या लेकाला हाक मारून यादीतली पुढची मालिका लावायला लावली, आणि तळाच्या दोन ओळी आधी मोठ्याने वाचून घेतल्या.

कॅलगरीकर

मीनलताई, तो कागद पूर्ण झाला की फोटो टाका. आणि मुक्ता, `Original Language` जमलं. यादी लहान आहे, पण ओठ बरोबर हलतायत. मुलींनी दोन चित्रपट बघून संपवलेसुद्धा. आता बालनाट्यांसाठी कुठला शब्द टाकायचा ते कोणी सांगेल का?